सिक्युरिटी मार्केट लाइन म्हणते महाग, ब्रोकर म्हणतो घ्या : नक्की कोणाचं ऐकायचं?

मुक्तछंद

मामांना त्यांच्या ब्रोकरकडून एका मिडकॅप रसायन कंपनीचा अहवाल आलाय. भाव ४२०, बारा महिन्यांचं टार्गेट ४६५, शिफारस 'बाय'. वर्षाला ९ रुपये डिव्हिडंड मिळेल असं धरलंय. एमबीएच्या पहिल्या वर्षाला असल्यामुळे मी लगेच एक्सेल उघडून हिशोब मांडला.

वर्षभरात हातात येणार ४६५ + ९ = ४७४. आज घालायचे ४२०. म्हणजे अपेक्षित परतावा १२.९%.

आता रेषेवर किती हवा? रिस्क-फ्री ७%, बाजाराकडून अपेक्षा १३%, म्हणजे प्रीमियम ६%. बीटा १.२ आला. ७ + १.२ × ६ = १४.२%.

१२.९ हे १४.२ पेक्षा कमी. शेअर रेषेच्या खाली, म्हणजे जोखमीच्या मानाने महाग. मामा म्हणतात, "ब्रोकरकडे चाळीस माणसं बसलीत, तू एकटी." हिशोबात खोट दिसत नाही, पण एवढ्या फरकावर 'महाग' म्हणून मोकळं व्हायचं का, ते कळत नाहीये. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धागा भलतीकडे जाईल.

मेणबत्ती

भाव लाइनच्या वर आहे की खाली ते आधी सांगा. खाली असेल तर लाइन हाच रेझिस्टन्स. व्हॉल्यूमसकट वर क्लोजिंग दिलं की घ्यायचा. टार्गेट-बिर्गेट सोडा. वीकली चार्ट टाका, बघून सांगतो.

शेअरसिंह

मुक्तछंद, तुमची गल्लत अपेक्षित परताव्यात झालीये. ब्रोकरचं टार्गेट कशाला घ्यायचं? मागचा खरा आकडा घ्या. या क्षेत्रातल्या बऱ्याच शेअरनी ५ वर्षांत वर्षाला १९-२०% दिलेत. तुमच्या शेअरनेही १९ दिले असतील तर १९ वजा १४.२, अल्फा ४.८. रेषेच्या चांगलाच वर. स्वस्त आहे, घ्या. वर असेल तर घ्यायचा, खाली असेल तर विकायचा. सोपं आहे, उगाच किचकट करू नका.

जुनापाणी

मेणबत्ती, ही ती लाइन नव्हे हो. या आलेखावर वेळ नाही आणि भावही नाही. आडव्या अक्षावर बीटा, उभ्यावर अपेक्षित परतावा. एका क्षणी बाजारातले सगळे शेअर या कागदावर ठिपक्यांसारखे मांडायचे. तुमच्या चार्टवर भाव चढला की ठिपका वर जातो. इथे नेमकं उलटं: उद्याचे ४७४ तेच राहिले आणि आजचा भाव चढला, तर परतावा घटतो आणि ठिपका खाली सरकतो. म्हणून रेषेच्या वरचा तो स्वस्त. लोक तो विकत घेत राहतील, भाव वाढेल आणि ठिपका रेषेवर येऊन टेकेल, अशी त्यामागची कल्पना.

शेअरसिंह, 'वर असेल तर घ्या' हे तुमचं बरोबर. पण उभ्या अक्षावर तुम्ही मागे वळून पाहिलेला परतावा टाकताय, तिथे गाडी घसरते. मागचा अल्फा कामगिरी मोजायला ठीक. जेन्सनने १९६८ मध्ये म्युच्युअल फंडांचे मॅनेजर तपासायला तोच वापरला होता. शेअर आज स्वस्त आहे का, हा प्रश्न वेगळा. समजा कंपनीचा नफा ५ वर्षांत एक रुपयानेही वाढला नाही, फक्त पी-ई १५ वरून ३० वर गेला. तेवढ्यानेच वर्षाला जवळजवळ १५% परतावा दिसेल. त्यात डिव्हिडंड मिळवा की तुमचा अल्फा तयार. शेअर दुपटीने महाग झाला, आणि तुमची पद्धत त्याच कारणाने त्याला स्वस्त ठरवतेय.

आता मूळ प्रश्न. ब्रोकर आणि रेषा यांच्यात भांडण आहे असं मला दिसतच नाही. बऱ्याच ब्रोकरांकडे 'बाय' म्हणजे ठरावीक टक्क्यांच्या वर वाढ, बहुतेकदा १० किंवा १५. ती व्याख्या अहवालाच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते, ती वाचा. ४२० चे ४६५ म्हणजे १०.७% वाढ. त्यांचा उंबरठा १० असेल तर 'बाय' बसतं. पण तो उंबरठा बीटा ०.६ वाल्या साबणाच्या कंपनीला आणि बीटा १.५ वाल्या धातूच्या कंपनीला एकच. रेषा तेवढंच म्हणतेय की या जोखमीला १०.७ आणि वर डिव्हिडंड पुरत नाही.

आणि फरक टक्क्यांत ठेवू नका, रुपयांत काढा. आज किती भाव असता तर शेअर बरोबर रेषेवर बसला असता? ४७४ भागिले १.१४२ = ४१५. म्हणजे तुमचं 'महाग' हे ५ रुपयांचं महाग आहे.

मुक्तछंद

अरे बापरे. १.३ टक्के ऐकायला बरेच वाटत होते, ५ रुपये म्हणजे काहीच नाही. एवढं तर एखाद्या दिवशी सकाळच्या तासाभरात हलतं.

(शेवटचं पान पाहिलं. 'बाय : १०% पेक्षा जास्त.' मामांना दाखवलं, ते चहा घ्यायला उठले.)

इंदूताई

निवृत्त होईपर्यंत संख्याशास्त्र शिकवत होते, म्हणून मधे बोलते. मुक्तछंद, बीटा १.२ आला म्हणजे कसा आला? किती महिन्यांचा डेटा, कुठला निर्देशांक? आणि त्याचा स्टँडर्ड एरर किती?

बहुतेक जण `SLOPE` लावून एक आकडा काढतात आणि तो दगडावर कोरल्यासारखा वापरतात. शेजारच्या रकान्यात हे लिहा:

```
=SLOPE(B2:B61,C2:C61)
=INDEX(LINEST(B2:B61,C2:C61,TRUE,TRUE),2,1)
```

B मध्ये शेअरचा मासिक परतावा, C मध्ये निर्देशांकाचा, दोन्हींतून त्या महिन्याचा रिस्क-फ्री वजा करून. दुसरी ओळ त्या बीटाचा स्टँडर्ड एरर देते. आकडा सांगा, मग बोलू. शेअरच्या किमती बोनस आणि स्प्लिटसाठी जुळवलेल्या आहेत ना तेही बघून घ्या. १:१ बोनसच्या महिन्यात न जुळवलेली किंमत निम्मी दिसते, आणि तो उणे पन्नास टक्क्यांचा एक महिना अख्ख्या हिशोबाची वाट लावतो.

मुक्तछंद

ताई, ६० महिने, निफ्टी ५० चा टोटल रिटर्न इंडेक्स. किमती जुळवलेल्या आहेत, बोनसचा महिना उघडून पाहिला. दुसऱ्या ओळीचं उत्तर ०.२२ आलं.

इंदूताई

टोटल रिटर्न घेतलात हे उत्तम. सेबीने फेब्रुवारी २०१८ पासून म्युच्युअल फंडांनाही तुलनेसाठी तोच सक्तीचा केला. बीटावर त्याने फारसा परिणाम होत नाही, पण बाजाराचा सरासरी परतावा काढताना डिव्हिडंड सोडला तर प्रीमियम तेवढा कमी भरतो.

आता ०.२२ चा अर्थ पाहू. खरा बीटा ०.९८ ते १.४२ च्या पट्ट्यात असण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश, बाकीची त्याच्याही बाहेर. ०.९८ धरला तर रेषा मागते १२.९%. म्हणजे तुमचा शेअर बरोबर रेषेवर! १.४२ धरला तर मागते १५.५%, आणि शेअर चांगलाच महाग.

मी मुलांना हा प्रश्न उलटा सोडवायला सांगायचे. शेअर ना स्वस्त ना महाग ठरण्यासाठी बीटा किती असायला हवा? १२.८६ वजा ७, भागिले ६. उत्तर ०.९८. मग पाहायचं की मोजलेला १.२ त्यापासून किती स्टँडर्ड एरर लांब आहे. इथे जेमतेम एक. दोन असते तर मी कान टवकारले असते. एकावर मी शेअरला महागही म्हणणार नाही आणि स्वस्तही.

आणखी एक. तुमच्या ६० महिन्यांत मार्च २०२० येतो का? त्या एका महिन्यात निफ्टी सुमारे २३% पडला होता. आलेखावर तो ठिपका बाकी सगळ्यांपासून दूर, डावीकडे खाली कोपऱ्यात बसतो आणि सगळी रेषा आपल्याकडे ओढतो. मार्च २०२५ अखेरपर्यंतचे ६० महिने घेतले की तो खिडकीतून बाहेर जातो. कंपनी तीच, कारखाना तोच, पण फेब्रुवारीपर्यंतचा बीटा आणि मार्चपर्यंतचा बीटा यांत डोळ्यांत भरण्याएवढा फरक पडलेले शेअर मी पाहिलेत.

मुक्तछंद

नाही, माझी खिडकी त्यानंतरची आहे. पण म्हणजे १.२ मध्ये एकही मोठी पडझड नाही, बरोबर ना?

इंदूताई

बरोबर पकडलंत. जोखीम जेव्हा खरी दिसली तो महिनाच त्यात नाही. घेतला तर तो एकटाच सगळं ठरवतो, वगळला तर शांत पाण्याचा बीटा मिळतो. याला गोड उत्तर नाही. मी दोन्ही काढून शेजारी ठेवते.

शेअरसिंह

मग या सगळ्याचा उपयोग काय? बीटा खात्रीचा नाही, टार्गेट खात्रीचं नाही, आणि उत्तर 'सांगता येत नाही'. एवढं करून हेच निघणार असेल तर ब्रोकरचं ऐकलेलं काय वाईट? आणि ताई, प्रीमियम ६% कुठून आणला ते कोणीच विचारत नाहीये.

(जुनापाणी, मागच्या अल्फाचा मुद्दा मान्य नाही पूर्ण. चांगला शेअर चांगलाच राहतो.)

इंदूताई

प्रीमियमचं बोललात ते अगदी खरं. निफ्टीचा वार्षिक चढउतार २०% च्या आसपास धरा आणि हाताशी २५ वर्षांचा इतिहास आहे असं माना. सरासरीचा स्टँडर्ड एरर म्हणजे २० भागिले २५ चं वर्गमूळ = ४. म्हणजे '६% प्रीमियम' याचा प्रामाणिक उच्चार '६, पण ४ इकडे-तिकडे' असा आहे. बीटा १.२ च धरून मुक्तछंदचा शेअर रेषेवर यायला प्रीमियम फक्त ४.९ असावा लागतो.

तरी एक दिलासा आहे. प्रीमियम चुकला तर सगळ्याच शेअरना तोच चुकीचा प्रीमियम लागतो. दोन शेअरची एकमेकांशी तुलना करताना ही चूक बरीचशी कटते, निदान बीटा जवळपास सारखे असतील तर. एकाच शेअरला 'स्वस्त' की 'महाग' म्हणताना मात्र ती पुरती अंगावर येते.

जुनापाणी

शेअरसिंह, 'सांगता येत नाही' हेही उत्तरच आहे. पण इथे एवढ्यावर थांबायचं कारण नाही, कारण सगळ्यात कच्चा आकडा बीटा नाही. तो ४६५ आहे.

रेषेला लागतो तो अपेक्षित परतावा, म्हणजे सगळ्या शक्यतांची सरासरी. ब्रोकरचं टार्गेट ही सरासरी नसते. सगळं ठरल्याप्रमाणे झालं तर काय, याचं ते उत्तर असतं. नवा प्लांट वेळेत सुरू झाला, चीनमधून माल स्वस्तात ओतला गेला नाही, तर ४६५. मी हा अहवाल पाहिलेला नाही, पण रसायनवाल्यांच्या अहवालात या दोन गोष्टी बहुधा असतातच.

उदाहरणादाखल तीन शक्यता मांडू. ६०% वेळा ४६५. २०% वेळा प्लांट लांबतो आणि भाव ३६०. २०% वेळा मार्जिन सुधारतं आणि ५२०. सरासरी : २७९ + ७२ + १०४ = ४५५. डिव्हिडंड धरून ४६४. परतावा १२.९ वरून १०.५ वर आला. रेषेवर बसणारा भाव ४६४ भागिले १.१४२ = ४०६. आता फरक ५ रुपयांचा नाही, १४ चा आहे. आणि ब्रेकइव्हन बीटा ०.५८ वर गेला, म्हणजे ताईंच्या मापाने जवळजवळ तीन स्टँडर्ड एरर लांब. याला मी 'महाग' म्हणेन.

हे ६०-२०-२० माझे मनाचे आहेत. ज्याला कंपनी कळते त्याने स्वतःचे घालावेत. सांगायचं एवढंच की बीटाचा दुसरा दशांश घोटत बसण्यापेक्षा, टार्गेट चुकलं तर भाव कुठे जाईल हे ठरवण्यात वेळ घालवा. उलट बाजूनेही पाहा: रेषेवर यायला टार्गेट किती हवं होतं? ४२० × १.१४२ वजा ९ = ४७१. ब्रोकरने ६ रुपये जास्त लिहिले असते तर मुक्तछंदच्या पहिल्या हिशोबात शेअर महाग राहिलाच नसता. टार्गेटमध्ये ६ रुपये म्हणजे पी-ईच्या अंदाजात दशांश चिन्हानंतर केलेला खेळ.

अजून एक जागा आहे जिथे हुशार लोकही फसतात. ४६५ हे टार्गेट डीसीएफने काढलं असेल तर त्यात सवलतीचा दर म्हणून ब्रोकरने हीच रेषा वापरलेली असते, स्वतःचा बीटा आणि स्वतःचा प्रीमियम घालून. मग तुम्ही त्याच्या रेषेतून निघालेला आकडा आपल्या रेषेवर तपासताय. अहवालात 'कॉस्ट ऑफ इक्विटी' शोधा. ती १२% असेल आणि तुमची १४.२, तर तुमच्या मतभेदाचं कारण कंपनी नाहीच, दोघांचे बीटा-प्रीमियम वेगळे आहेत एवढंच.

मुक्तछंद

सापडलं. कॉस्ट ऑफ इक्विटी ११.८%. बीटा १ धरलाय, का ते लिहिलेलं नाही.

जुनापाणी, एक शंका. क्लासमध्ये सरांनी गॉर्डनचं सूत्र लावून असाच प्रश्न सोडवला होता आणि तिथे दीड टक्क्याने भाव प्रचंड बदलला होता. इथे ५ रुपयेच कसे?

जुनापाणी

चांगला प्रश्न. तुमच्या हिशोबात ही तूट एकच वर्ष आहे. वर्षअखेर ४६५ ला विकून मोकळे, तेव्हा भाव योग्य असेल असं गृहीत. म्हणून १.३ टक्क्याची तूट म्हणजे भावातही साधारण तेवढाच फरक.

गॉर्डनमध्ये तूट कायमची असते. तुमचेच आकडे घाला : ९ भागिले ४२० म्हणजे २.१४% डिव्हिडंड, तर १२.८६ मिळायला वाढ १०.७१% हवी, तीही अनंतकाळ. आता मागणी १४.२ केली तर भाव = ९ भागिले ०.०३४९, म्हणजे २५८. चाळीस टक्क्यांच्या जवळ घट! शेअर तोच, तूटही तीच. फरक एवढाच की ती एक वर्ष टिकते की जन्मभर.

अर्थात अनंतकाळ १०.७% वाढ हे हास्यास्पद आहे, त्यामुळे २५८ वर विश्वास ठेवू नका. पण कोणी 'अल्फा उणे १.३' म्हणालं की आधी विचारा, किती वर्षं? रेषा याबद्दल काही बोलत नाही, ती एकाच काळाची गोष्ट सांगते. रिस्क-फ्रीही त्याच काळाचा हवा. वर्षभराचं टार्गेट असेल तर ३६४ दिवसांचं ट्रेझरी बिल जवळचं. दहा वर्षांचा रोखा घ्यायचा असेल तर प्रीमियमही त्याच रोख्याच्या वर मोजलेला घ्या. एक इकडचा, एक तिकडचा नको.

कोल्हापूरकर

धागा वाचून राहवलं नाही. माझ्याकडं एक स्मॉलकॅप हाय, फौंड्रीचा. साईटवर बीटा ०.४ दाखवतोय. तुमच्या सूत्रानं ७ + ०.४ × ६ = ९.४% च पाहिजे. मला वर्षाला १५ तरी नक्की दिसतात, ऑर्डर बुक मी डोळ्यानं बघितलीय, पाव्हणे तिथंच कामाला हायत. म्हणजे रेषेच्या साडेपाच टक्के वर! पोर्टफोलिओचा सत्तर टक्के त्यातच घातलाय. आणखी घालू का?

शेअरसिंह

०.४ म्हणजे एकदम सुरक्षित शेअर. आणि स्वस्त. माझं मत : घाला.

इंदूताई

थांबा, थांबा. कोल्हापूरकर, तो शेअर रोज किती विकला जातो? आणि साईटवरचा बीटा रोजच्या भावावरून आहे की महिन्याच्या?

कोल्हापूरकर

रोजच्या, एक वर्षाच्या. व्यवहार काय, कधी दोन हजार शेअर, कधी दोनशे. मधे पाच दिवस सलग अप्पर सर्किट होतं.

इंदूताई

तरीच. निफ्टी आज पडतो, तुमच्या शेअरमध्ये आज कोणी विकणाराच नाही. भाव काल होता तोच दिसतो. पडझडीचा परिणाम परवा, तेरवा उतरतो, तोपर्यंत निफ्टी सावरलेला असतो. सर्किटच्या दिवशी तर भाव हलायलाच बंदी. त्यामुळे रोजच्या आकड्यांत शेअर आणि बाजार यांचा संबंध आहे त्यापेक्षा खूप कमी दिसतो. बीटा ०.४ आला याचा अर्थ शेअर बाजाराबरोबर हलत नाही असा नाही, उशिरा हलतो असा आहे.

मासिक परताव्यावर पुन्हा काढा. किंवा रोजचेच ठेवायचे असतील तर निफ्टीचा आजचा परतावा आणि कालचा परतावा, दोन्हींवर एकदम रिग्रेशन करून दोन्ही उतारांची बेरीज करा. डिम्सनने १९७९ मध्ये याच दुखण्यावर हा उपाय सुचवला होता. फौंड्री म्हणजे वाहन उद्योगावर अवलंबून, तेव्हा बीटा १ च्या खाली राहिला तर मला नवल वाटेल.

जुनापाणी

आणि तो सत्तर टक्क्यांचा मुद्दा सगळ्यात मोठा आहे, कोल्हापूरकर. ही रेषा ज्याची गुंतवणूक पसरलेली आहे त्याच्यासाठी आहे. भट्टी बंद पडली, मोठं गिऱ्हाईक गेलं, प्रवर्तकांनी शेअर गहाण टाकले, या जोखमीचा मोबदला रेषा शून्य देते, कारण ज्याच्याकडे चाळीस शेअर आहेत त्याला त्याने फरक पडत नाही. तुम्हाला पडतो. बीटा अचूक काढलात तरी तो तुमची जोखीम मोजत नाही. शिवाय पाव्हणे आतली ऑर्डर बुक दाखवतात हे असं उघड्यावर लिहू नका हो. तो सगळा वेगळाच कायदा आहे.

कोल्हापूरकर

ऑर्डर बुक म्हणजे गेटावर किती ट्रक उभारल्यात तेवढंच बघितलंय मी. :)

मासिक करून बघितलं. १.०५ आला. स्टँडर्ड एरर ०.३८. म्हणजे आता १३.३ पाहिजेत, आणि मला दिसतात १५. ०.३८ बघून काय बोलावं कळंना.

इंदूताई

तुमचा ब्रेकइव्हन बीटा १.३३ येतो. मोजलेला १.०५. अंतर एका स्टँडर्ड एररच्याही आत. साडेपाच टक्क्यांचा अल्फा पावणेदोनवर आला आणि तोही धुक्यात. नव्याने पैसे घालण्याइतकं यात मला काही दिसत नाही.

एडिसनवासी

न्यू जर्सीतून एक प्रश्न. मी एनआरआय खात्यातून भारतात गुंतवतो, पण माझा खर्च डॉलरमध्ये. मी रिस्क-फ्री म्हणून अमेरिकन ट्रेझरी बिल घेतलं तर रेषा खाली येते आणि मुक्तछंदचा शेअर चक्क स्वस्त दिसतो. चालेल का?

जुनापाणी

नाही चालणार. ४७४ हे रुपये आहेत. परतावा रुपयांत आणि रिस्क-फ्री डॉलरमध्ये, म्हणजे दोन देशांच्या महागाईतला फरक तुम्ही फुकटात अल्फा म्हणून मोजताय. एकतर दोन्ही रुपयांत ठेवा, नाहीतर वर्षअखेरचे ४७४ त्यावेळच्या अपेक्षित दराने डॉलरमध्ये बदला आणि बीटाही डॉलरमधल्या परताव्यावर काढा. दुसऱ्या वाटेने बहुतेक वेळा तो 'स्वस्त' पणा बराचसा विरतो.

शेअरसिंह

एक गोष्ट मात्र मी वाचलीये. १९७२ मध्ये ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स यांनी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारावर तपासलं, तर खरी रेषा पुस्तकातल्यापेक्षा चपटी निघाली. कमी बीटावाले रेषेच्या वर, जास्त बीटावाले खाली. म्हणजे माझंच बरोबर ना? कमी बीटा घ्या, झालं.

जुनापाणी

निष्कर्ष बरोबर वाचलात, पण त्याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लागतो. कमी बीटाचे शेअर खरंच सतत स्वस्त असतात असंही म्हणता येईल, किंवा आपण आखतोय ती रेषाच चुकीच्या उताराची आहे असंही. दुसरं खरं असेल तर १.२ बीटावाल्या शेअरला 'महाग' म्हणणं हा मापाचा दोष, शेअरचा नव्हे. मी स्वतः उतार थोडा कमी करतो, म्हणजे रिस्क-फ्री अर्ध्या-एक टक्क्याने वर आणि प्रीमियम तेवढाच खाली. मुक्तछंदच्या शेअरला त्याने फार फरक पडत नाही, कारण १ च्या आसपास दोन्ही रेषा जवळजवळ एकाच ठिकाणी असतात. बीटा ०.५ किंवा १.६ असता तर पडला असता.

इंदूताई

याला माझा विरोध नोंदवून ठेवते. उतार 'थोडा' कमी म्हणजे किती, हे प्रत्येक जण आपल्या आवडत्या शेअरला सोयीचं ठरवतो. त्यापेक्षा बीटाच १ कडे ओढा, ब्लूमने सुचवल्याप्रमाणे दोन तृतीयांश मोजलेला आणि एक तृतीयांश १. १.२ चा १.१३ होतो. निदान नियम आधी ठरलेला असतो. मग मागणी १३.८%.

जुनापाणी

ताई, ती दुरुस्ती बीटा मोजण्यातल्या चुकीसाठी आहे, रेषा चपटी असण्यासाठी नाही. दोन वेगळे आजार.

इंदूताई

आजार वेगळे, पण औषध एकाच बाजूला ओढतं. तुमचं तुम्ही करा, मी माझं करते.

मेणबत्ती

मी वाचतोय हं. एवढं सगळं करून ४०६ की ४१५ ते ठरेना, आणि आमच्या चार्टला नावं ठेवता. :ड

मुक्तछंद

मेणबत्ती, :) पण दोन्ही ४२० च्या खालीच आहेत ना.

मामांशी बोलले. ११.८ आणि १४.२ चा फरक त्यांना लगेच कळला, बीटा नाही कळला. ते म्हणाले, प्लांट लांबला तर भाव ३६० होईल हे तुला कोणी सांगितलं? ते मलाही माहीत नाही. म्हणून आता कंपनीच्या मागच्या दोन प्लांटना जाहीर केलेल्या तारखेपेक्षा किती उशीर झाला, ते वार्षिक अहवालांतून काढतेय.

एक उरलेला प्रश्न. कंपनी मिडकॅप, मग निफ्टी ५० ऐवजी निफ्टी ५०० घेऊ का? घेतला तर बीटा १.२ चा १.१ होतोय.

इंदूताई

माझ्या मते ५०० च घ्या. ५० मध्ये बँकांचा भार मोठा, आणि तुमचा शेअर त्यातही नाही.

जुनापाणी

घ्या, पण मग ६% प्रीमियम तोच ठेवू नका. तो निफ्टी ५० चा काढला होतात. ५०० चा परतावा त्याच वर्षांचा घेऊन, रिस्क-फ्री वजा करून पुन्हा काढा. आयआयएम अहमदाबादच्या साईटवर भारतीय बाजाराच्या परताव्यांचा आणि रिस्क-फ्रीचा मासिक डेटा फुकट आहे, त्याच्याशी ताडून बघा. १.१ आणि जुने ६ घेतलेत तर मागणी १३.६ येईल आणि शेअर उगाचच अर्ध्या टक्क्याने सुधारल्यासारखा दिसेल. आणि प्लांटच्या तारखा मिळाल्या की इथे टाका, ६०-२०-२० बदलावे लागतील.